उशीर झालेल्या क्षेत्रकार्य अहवालासाठी प्राध्यापकांना मुदतवाढीचं पत्र कसं लिहावं

समाजशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाचे क्षेत्रकार्य अहवाल मी काही वर्षं तपासले. अहवालांइतकीच, कधी कधी जास्तच, मुदतवाढीची पत्रं वाचली. बहुतेक पत्रं अशी असायची:

> आदरणीय मॅडम, काही अपरिहार्य कारणांमुळे माझा क्षेत्रकार्य अहवाल वेळेत पूर्ण होऊ शकला नाही. तरी मला थोडी मुदतवाढ द्यावी, ही नम्र विनंती.

नम्रतेत काही उणं नाही, पण या पत्राला उत्तर देता येत नाही. ‘अपरिहार्य कारणं’ म्हणजे काय, ते कळत नाही. ‘थोडी’ म्हणजे दोन दिवस की दोन महिने? आणि ‘पूर्ण होऊ शकला नाही’ हे वाचून अहवाल आपणहून पूर्ण व्हायचा राहिला असं वाटतं. प्राध्यापकांना निर्णय घ्यायचा असतो आणि त्यासाठी एकच गोष्ट कळायला हवी असते: क्षेत्रातून काय हाती आलं आहे, काय यायचं राहिलं आहे, आणि जे आलं आहे त्याचा अहवाल व्हायला किती तास लागतील. हे कळलं की हो म्हणणं सोपं जातं, आणि नाही म्हणायचं असलं तरी त्यातून काही वाट काढता येते.

म्हणून पत्र लिहायला बसण्याआधी तासभर हिशोब करावा लागतो. हा लेख मुख्यतः त्या हिशोबाबद्दल आहे. हिशोब झाला की पत्र वीस मिनिटांत होतं.

आधी ठरवा, उशीर कुठे झाला

क्षेत्रकार्याचा उशीर तीन ठिकाणी होतो आणि तिन्हींसाठी मागणी वेगवेगळी असते. पहिला उशीर क्षेत्रात होतो: परवानगी मिळाली नाही, मिळालेली काढून घेतली, मुलाखत देणारे निवेदक भेटेनासे झाले. दुसरा टेबलावर होतो: मुलाखती झाल्या, पण ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायचं, म्हणजे ट्रान्सक्रिप्शन, त्यातल्या मजकुराला विषयवार खुणा द्यायचं, म्हणजे कोडिंग, किंवा लेखन मागे पडलं. तिसरा स्वतःच्या आयुष्यात होतो: आजारपण, घरचा प्रसंग, नोकरी.

टेबलावरच्या उशिराला वेळ मिळाला की तो भरून निघतो. क्षेत्रातला उशीर बहुधा तसा भरून निघत नाही. ज्यांनी दार बंद केलं, ते तुम्हाला पंधरा दिवस वाढवून मिळाले म्हणून उघडणार नाहीत. तिथे वेळ मागून उपयोग नसतो. आराखडा बदलायची परवानगी मागावी लागते: बाराऐवजी नऊ मुलाखती, दोन ठिकाणांऐवजी एक. मी पाहिलेली सर्वांत महागात पडणारी चूक हीच. विद्यार्थी वेळ मागतात, तो मिळतो, मग त्याच बंद दारासमोर तो संपतो, आणि दुसरं पत्र लिहायची वेळ येते. दुसऱ्या पत्राला पहिल्याइतकी सहानुभूती मिळत नाही.

बरेचदा दोन्ही उशीर एकत्रच असतात. परवानगी अडकलेली असते आणि तिच्या आडोशाला हातातलं कामही पडून राहिलेलं असतं. हे स्वतःशी कबूल करायला जड जातं. पण प्राध्यापकांनी स्वतः क्षेत्रकार्य केलेलं असतं. परवानगीची वाट पाहण्यात किती मोकळा वेळ असतो, ते त्यांना पुरतं माहीत असतं.

एक प्रकरण, तपशीलवार

एका विद्यार्थिनीचं उदाहरण घेतो. तिचा विषय रात्रपाळीचे सुरक्षारक्षक: रात्री जागून दिवसा झोपणाऱ्या माणसाचं घरातल्या लोकांशी नातं कसं राहतं. १२ मुलाखती आणि निरीक्षणाच्या ४ रात्री असं ठरलं होतं. अहवाल ३ मार्चला, सोमवारी द्यायचा होता. गुरुवारी, ६ मार्चला ती माझ्याकडे आली तेव्हा मुदत उलटून तीन दिवस झाले होते आणि मॅडमना तिने अजून काहीच कळवलं नव्हतं.

मी तिला पत्राबद्दल विचारलंच नाही. कोरा कागद दिला आणि प्रत्येक मुलाखतीची एक ओळ लिहायला सांगितलं: सांकेतिक क्रमांक, तारीख, ध्वनिमुद्रणाची लांबी, ट्रान्सक्रिप्ट झालं का, कोडिंग झालं का. त्यांतल्या काही ओळी अशा होत्या:

> एस-१, ५५ मिनिटं, ट्रान्सक्रिप्ट झालं, कोडिंग झालं
> एस-२, ४० मिनिटं, ट्रान्सक्रिप्ट झालं, कोडिंग झालं
> एस-३, ५५ मिनिटं, ट्रान्सक्रिप्ट झालं, कोडिंग बाकी
> एस-५, ६० मिनिटं, दोन्ही बाकी

नऊ ओळी झाल्या. म्हणजे मुलाखती नऊ, एकूण ध्वनिमुद्रण साडेसात तासांचं. चार मुलाखतींचं ट्रान्सक्रिप्शन झालेलं, त्यांतल्या दोनचं कोडिंगही. निरीक्षणाच्या तीन रात्रींच्या नोंदी फील्ड डायरीत पूर्ण. ‘माझं काहीच झालेलं नाही’ असं म्हणत आलेली मुलगी कागदाकडे बघत राहिली. उलटही घडतं. ‘फक्त लिहायचं राहिलंय’ म्हणणाऱ्याच्या कागदावर कोडिंगच्या रकान्यात एकही खूण नसते.

मग क्षेत्रातली हकिकत. १५ फेब्रुवारीला तिथले पर्यवेक्षक बदलले. आधीच्या पर्यवेक्षकांनी परवानगी दिली होती, नव्यांनी काम थांबवायला सांगितलं. तिने १७ फेब्रुवारीला लेखी विनंती दिली, २८ तारखेला नकार आला. मधले ११ दिवस ती वाट पाहत होती. त्या ११ दिवसांत ट्रान्सक्रिप्शन का झालं नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘सर, बाराच्या बारा झाल्या की एकदमच बसणार होते.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता हसूही येत नाही.

तिच्या हातात तीन मुलाखती कमी होत्या, एक रात्र कमी होती, आणि ट्रान्सक्रिप्शनचा ढीग होता. पहिल्या दोन गोष्टी क्षेत्रातल्या, तिसरी टेबलावरची.

दिवस मोजायचे कसे

‘पंधरा दिवस द्या’ हा आकडा बहुतेक जण हवेतून काढतात. तो उरलेल्या कामातून काढायचा असतो, आणि त्यातली सर्वांत फसवी पायरी ट्रान्सक्रिप्शनची असते. एक तासाची मुलाखत हाताने उतरवायला साधारण चार ते सहा तास लागतात. नवख्याला, गोंगाटात, दोघंतिघं एकदम बोलत असतील तर आणखी जास्त. पण पुस्तकातला दर वापरू नका, स्वतःचा वेग वापरा. शेवटची मुलाखत उतरवायला किती वेळ लागला ते आठवा. आठवत नसेल तर दहा मिनिटांचा तुकडा घड्याळ लावून उतरवून बघा.

या मुलीची एक मुलाखत सरासरी ५० मिनिटांची. चौथी उतरवायला तिला साडेचार तास लागले होते, कारण चौकीतला वायरलेस सारखा खरखरत होता आणि मधेच फाटक उघडायला रक्षक उठून जात होता. उरलेल्या पाचही अशाच चौकीतल्या. म्हणजे पाच गुणिले साडेचार, साडेबावीस तास. कोडिंगला एका मुलाखतीमागे दोन तास लागत होते. सात बाकी, म्हणजे चौदा तास. विश्लेषणाचं प्रकरण लिहिणं आणि पद्धतिशास्त्राचं प्रकरण दुरुस्त करणं यांना पंधरा तास. नावं-ठिकाणं बदलली आहेत ना हे तपासणं आणि परिशिष्टं यांना तीन तास. बेरीज साडेचोपन्न.

आता रोजचे तास. ‘रोज आठ तास बसेन’ असं ती म्हणाली. मी गेल्या आठवड्यात ती रोज किती तास बसली होती ते विचारलं. तासिका आणि दुसऱ्या विषयाचं काम धरून चार. मग चारच धरायचे. साडेचोपन्न भागिले चार म्हणजे चौदा दिवस. ७ मार्चपासून मोजलं तर २० मार्च, गुरुवार. त्यात अडीअडचणीचे दोन दिवस घातले की शनिवार, २२. मॅडम वाचायला घेणार त्या सोमवारी, म्हणून मागायची तारीख सोमवार, २४ मार्च, सकाळी १० वाजता. मूळ मुदतीपासून पूर्ण तीन आठवडे. मोठी मागणी आहे, पण तिच्यामागे बेरीज आहे, आणि ती बेरीज पत्रात दाखवता येते.

तारीख आणि वेळ दोन्ही लिहा. ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणजे सोमवार की शनिवार, याचा अर्थ तुम्ही आणि प्राध्यापक हटकून वेगवेगळा काढता.

यानंतर दुसरी, लहान तारीख काढायची. मॅडम ‘नाही’ म्हणाल्या तर? पाच मुलाखतींचं शब्दशः ट्रान्सक्रिप्शन सोडून, वेळेच्या खुणा घातलेला सारांश आणि फक्त महत्त्वाची वाक्यं शब्दशः, असं केलं तर ऐकण्याच्या वेळेच्या साधारण दुप्पट वेळ लागतो. जवळपास सव्वाचार तासांचं ध्वनिमुद्रण, म्हणजे साडेआठ तास. बाकीचं काम तेवढंच. एकूण साडेचाळीस तास, दहा दिवस, म्हणजे १७ मार्च जेमतेम जमतो. हा कमी दर्जाचा पर्याय आहे आणि तो तसाच मांडायचा. शब्दशः ट्रान्सक्रिप्ट नसेल तर माणूस ‘कसं’ बोलला यावर फार काही म्हणता येत नाही, ‘काय’ बोलला एवढंच हाती उरतं. तिच्या विषयात घरच्यांबद्दल बोलताना रक्षक मधेच गप्प होतात ही मोठी गोष्ट होती. ती सारांशात हरवली असती. पत्रात हे एका वाक्यात आलं की कोणती तारीख का बरी, ते मॅडमना आपोआप कळतं.

हे करण्याआधी एक चौकशी करून ठेवा. मुदत वाढवण्याचा अधिकार प्राध्यापकांचाच आहे की विभागाचा? विभागाकडे गुण कधी पोचवायचे असतात? ती तारीख २० असेल तर २४ मागून प्राध्यापकांना फक्त अवघडल्यासारखं होईल. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत हे बहुधा असतं, नाहीतर वर्गात कोणाला तरी माहीत असतं.

पत्र

तिने त्या संध्याकाळी पाठवलेलं पत्र जवळपास असं होतं. तिचा पहिला खर्डा दोन पानांचा होता.

> विषय: क्षेत्रकार्य अहवालाची मुदत उलटली आहे, २४ मार्चपर्यंत वाढ आणि आराखड्यात बदल यांबाबत विनंती
>
> आदरणीय मॅडम,
> सादर नमस्कार.
>
> रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकांवरचा माझा अहवाल ३ मार्चला द्यायचा होता. तो मी दिलेला नाही आणि मुदतीआधी आपल्याला कळवलंही नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागते. अहवालासाठी सोमवार, २४ मार्च, सकाळी १० पर्यंत मुदत मिळावी, अशी विनंती आहे.
>
> ठरलेल्या १२ मुलाखतींपैकी ९ आणि निरीक्षणाच्या ४ रात्रींपैकी ३ झाल्या आहेत. १५ फेब्रुवारीला तिथले पर्यवेक्षक बदलले आणि नव्या पर्यवेक्षकांनी काम थांबवायला सांगितलं. मी १७ तारखेला लेखी विनंती केली, २८ तारखेला नकार आला. त्यानंतर मी तिथे गेलेले नाही आणि रक्षकांशी परस्पर संपर्कही केलेला नाही. परवानगीची वाट पाहण्याच्या ११ दिवसांत हातातल्या मुलाखतींचं ट्रान्सक्रिप्शन व्हायला हवं होतं. ते मी केलं नाही, ही माझी चूक आहे.
>
> आज ४ ट्रान्सक्रिप्ट तयार आहेत, त्यांपैकी २ चं कोडिंग झालं आहे. ५ मुलाखती (४ तास १० मिनिटं) उतरवायच्या आहेत. ट्रान्सक्रिप्शन, कोडिंग आणि लेखन मिळून सुमारे ५५ तासांचं काम आहे. रोजचे ४ तास धरून १४ दिवस लागतील. त्यात थोडी सवड धरून २४ तारीख मागत आहे.
>
> दुसरी विनंती आराखड्याबद्दल आहे. उरलेल्या ३ मुलाखती आणि १ रात्र आता होणार नाही. ९ मुलाखती आणि ३ रात्री यांवर अहवाल लिहायला आपली संमती हवी आहे. परवानगी कशी मिळाली आणि कशी गेली, हे पद्धतिशास्त्राच्या प्रकरणात लिहीन.
>
> २४ तारीख शक्य नसेल तर १७ मार्चला अहवाल देऊ शकेन. त्यात ५ मुलाखतींचे पूर्ण ट्रान्सक्रिप्ट नसतील, वेळेच्या खुणांसह सारांश असतील आणि बोलण्याच्या पद्धतीवरचं विश्लेषण ४ मुलाखतींपुरतंच राहील. तसं अहवालात स्पष्ट लिहीन.
>
> उशिरासाठी गुण कमी करण्याचा नियम असल्यास तो मान्य आहे. मुलाखतींची स्थिती दाखवणारी नोंद सांकेतिक क्रमांकांसह जोडली आहे. पद्धतिशास्त्राचं दुरुस्त प्रकरण सोमवारी, १० मार्चला पाठवते.
>
> आपली विद्यार्थिनी,
> (नाव, वर्ग, हजेरी क्रमांक)

या पत्रातल्या काही जागा मुद्दाम बघण्यासारख्या आहेत.

मागणी पहिल्याच परिच्छेदात आहे. मराठी पत्रात आधी पार्श्वभूमी, मग कारणं, मग अडचणी आणि अगदी शेवटी ‘तरी कृपया’ अशी आपली सवय असते. तीस अहवाल तपासायला बसलेल्या माणसाला ‘तरी कृपया’पर्यंत पोचायला लावू नका. मुदत उलटली असेल तर तेही पहिल्याच वाक्यात. उलटलेल्या मुदतीवर ‘वेळेत देणं अवघड जात आहे’ असं लिहिणारे विद्यार्थी असतात. ते वाचून हसावं की रागवावं ते कळत नाही.

चुकीची कबुली एका वाक्यात आहे. पहिल्या खर्ड्यात तिने कबुलीवर अख्खा परिच्छेद लिहिला होता: मला फार लाज वाटते, आपला विश्वासघात झाला, वगैरे. ते काढलं, कारण मग मॅडमना अहवालाबद्दल ठरवण्याऐवजी तिची समजूत घालत बसावं लागलं असतं.

‘रक्षकांशी परस्पर संपर्क केलेला नाही’ हे वाक्य तिला अनावश्यक वाटत होतं. समाजशास्त्राच्या प्राध्यापकांना ते पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य वाटू शकतं. नकारानंतर रक्षकांना फाटकाबाहेर गाठून उरलेल्या तीन मुलाखती उरकण्याचा मोह होतोच. पण पर्यवेक्षकांनी मना केलेलं असताना बोलल्याची किंमत विद्यार्थ्याला पडत नाही, रक्षकाला पडते, कधी नोकरीच्या रूपात. मॅडमच्या मनात ही शंका येणारच होती. तिचं उत्तर आधीच मिळालं.

आणि ‘परवानगी कशी गेली हे लिहीन’ ही ओळ. दुसऱ्या विषयात प्रयोग फसला की तो फसलाच. क्षेत्रकार्यात प्रवेश नाकारला जाणं हीसुद्धा नोंद असते. कोण परवानगी देऊ शकतं, ती कोणाच्या बदलीबरोबर जाते, रक्षकाने स्वतःबद्दल बोलायलाही वरच्याची परवानगी का लागते, हे तिच्या विषयाच्या आतलंच आहे. मात्र याचा आव आणू नका. ‘नकारामुळे माझा अभ्यास अधिकच समृद्ध झाला’ असं मुदतवाढीच्या पत्रात लिहिलेलं मी वाचलं आहे. तसं लिहू नये.

काय काढून टाकलं

पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं: ‘नऊ मुलाखतींतच सॅच्युरेशन आलं असल्याने उरलेल्या तीनची गरज नाही.’ सॅच्युरेशन म्हणजे नव्या मुलाखतीतून नवं काही निघेनासं होणं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासात ६० मुलाखतींचं विश्लेषण करताना पहिल्या १२ मध्येच बहुतेक कोड सापडल्याचं दिसलं होतं. तेव्हापासून ‘बारा’ हा आकडा विद्यार्थ्यांमध्ये मंत्रासारखा फिरतो. तो निष्कर्ष बऱ्यापैकी एकसारखा गट आणि ठराविक प्रश्न यांच्यापुरता होता. इथली अडचण त्याहून सोपी होती. नऊपैकी दोनच मुलाखतींचं कोडिंग झालेलं असताना नवं काही निघत नाही हे तिला कळलं कुठून? मॅडमनी हाच प्रश्न विचारला असता आणि बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचा विश्वासही गेला असता. तीन मुलाखती झाल्या नाहीत कारण होऊ दिल्या नाहीत. खरं कारण पुरेसं असताना त्याला सिद्धांताचा मुलामा कशाला?

दुसरं काढलं ते नाव. खर्ड्यात सुरक्षा कंपनीचं नाव होतं, ठिकाणाचं होतं, नव्या पर्यवेक्षकांचं आडनावही. मुदतवाढीचं पत्र प्राध्यापकांपाशीच राहतं असं नाही. ते विभागप्रमुखांकडे जातं, कार्यालयात फाइलला लागतं. संमतिपत्रावर निवेदकांना गोपनीयतेचा शब्द दिलेला असतो आणि तो अहवालाइतकाच या पत्रालाही लागू होतो. ‘एका ठिकाणचे पर्यवेक्षक’ एवढं पुरतं. याच कारणाने काम झाल्याचा पुरावा म्हणून ध्वनिमुद्रण किंवा आख्खं ट्रान्सक्रिप्ट जोडू नका. नऊ ओळींची ती नोंद जोडा. मॅडमना आणखी बघायचं असेल तर त्या मागतील, मग नावं काढून दाखवा.

सामग्रीच हरवली असेल तर

फोन गेला, कार्ड खराब झालं, लॅपटॉप बंद पडला. ‘माझा डेटा गेला’ एवढंच लिहिलं तर ते कोणाला पटत नाही, कारण ते क्वचितच पूर्ण खरं असतं. सामग्रीचे थर असतात: ध्वनिमुद्रण, जागेवर खरडलेल्या टिपा, फील्ड डायरी, ट्रान्सक्रिप्ट, कोडिंग. कोणता थर गेला आणि कोणता उरला ते लिहा.

एम. एन. श्रीनिवास यांचं उदाहरण समाजशास्त्राच्या प्रत्येक वर्गात निघतं. एप्रिल १९७० मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासकेंद्राला आग लावली गेली आणि रामपुरा गावावरच्या त्यांच्या प्रक्रिया केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. १९४८ सालच्या क्षेत्रकार्यावरचं अनेक वर्षांचं काम गेलं. पुढे त्यांनी त्या गावावरचं ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ हे पुस्तक आठवणींवरून लिहिलं. ही गोष्ट सांगताना एक तपशील गळतो: मूळ नोंदवह्या दिल्लीत सुरक्षित होत्या. जळाला तो वरचा थर. आणि पुस्तक आठवणींवर उभं आहे हे त्यांनी वाचकापासून लपवलं नाही.

तुमचं ध्वनिमुद्रण गेलं असेल पण त्याच रात्री लिहिलेली डायरी असेल, तर पत्रात असं लिहा: ‘एस-६ आणि एस-७ चं ध्वनिमुद्रण गेलं आहे. दोन्ही मुलाखतींच्या त्याच दिवशी लिहिलेल्या नोंदी आहेत. त्यांचा वापर करेन, पण त्यांतून थेट अवतरणं देणार नाही.’ शेवटचं अर्धं वाक्य विसरू नका. आठवणीतलं वाक्य अवतरणचिन्हांत घालणं म्हणजे निवेदकाच्या तोंडी आपले शब्द घालणं. त्यापेक्षा उशीर परवडला.

आजारपण आणि घरच्या गोष्टी

इथे थोडक्यात आवरा. किती दिवस गेले, कोणत्या तारखांना, आणि ‘आवश्यक असल्यास कागदपत्रं देईन’. आजाराचं वर्णन नको. एक अपवाद मात्र आहे. त्रास क्षेत्रातच झाला असेल, म्हणजे कोणी धमकावलं, पाठलाग केला, ऐकलेल्या गोष्टींनी झोप उडाली, तर तो ‘तब्येत बरी नव्हती’ या शब्दांखाली झाकू नका. प्राध्यापकांनी तुम्हाला तिथे पाठवलेलं असतं. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या कोणाला तिथेच पाठवतील. पत्रात ‘क्षेत्रात एक प्रसंग घडला, त्याबद्दल समक्ष भेटून बोलायचं आहे’ एवढं लिहिलं तरी चालतं.

पाठवल्यानंतर

पत्र पाठवलं की उत्तराची वाट बघत बसू नका, काम सुरू ठेवा. उत्तर यायच्या आधीचे दिवसही त्या चौदांमधलेच आहेत. कामाचे दोन-तीन दिवस उत्तर आलं नाही तर त्याच मेलच्या धाग्यात दोन ओळी लिहा: ‘मॅडम, ६ तारखेच्या विनंतीबद्दल आपला निर्णय कळला तर बरं होईल. दरम्यान एस-५ चं ट्रान्सक्रिप्ट झालं आहे.’ दुसरी ओळ महत्त्वाची. तासिकेनंतर दारात गाठून तोंडी ‘हो’ मिळालं तर त्याच दिवशी मेल करा: ‘आज आपण २४ मार्च, सकाळी १० ही वेळ मान्य केलीत, आभारी आहे.’ तीन आठवड्यांनी कोण काय म्हणालं होतं, हे दोघांनाही आठवत नाही.

कबूल केलेली छोटी तारीख मोठ्या तारखेपेक्षा जास्त पाळायची असते. या मुलीने १० मार्चला प्रकरण पाठवायचं कबूल केलं होतं. ते चुकलं असतं तर २४ वर कोणी विश्वास ठेवला नसता. म्हणूनच पत्रात तेवढंच कबूल करायचं, जे जवळजवळ तयार आहे.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. नऊ मुलाखती चालतील, २४ नाही, २१ ला संध्याकाळी ५ पर्यंत द्या, आणि तिसऱ्या रात्रीच्या नोंदी मला आधी दाखवा. तीन दिवस कापले. म्हणजे अडीअडचणीची सवड गेली, पण चौदा दिवसांचं काम तसंच राहिलं. तिने एस-९ चं शब्दशः ट्रान्सक्रिप्शन सोडून दिलं, कारण त्या मुलाखतीत बराच वेळ पर्यवेक्षक शेजारी बसलेले होते आणि रक्षक ‘सगळं ठीक आहे’ एवढंच म्हणत होता. तिचा सारांश केला आणि तसं परिशिष्टात लिहिलं. अहवाल २१ तारखेला दुपारी पोचला.